डब्यावर 2000 वॉट, घरात 175 व्होल्ट: कोकणात ड्रायर आणि ट्रिमर घेताना

गेल्या गणपतीतली गोष्ट. मुंबईचा चुलतभाऊ येताना 2000 वॉटचा हेअर ड्रायर घेऊन आला, वहिनीसाठी. देवगडजवळचं आमचं घर, चतुर्थीची सकाळ, बाहेर धो धो पाऊस, वहिनीचे केस कमरेपर्यंत आणि आरतीला अर्धा तास राहिलेला. तिने ड्रायर लावला माजघरातल्या मोबाईल चार्ज करायच्या बारक्या सॉकेटला. चार-पाच मिनिटं झाली असतील, आजी स्वयंपाकघरातून ओरडली, "कसलो वास येता रे?" मी जाऊन प्लग ओढला तर पिनेचा चटका बसला, सॉकेटची भोकं करपून तपकिरी झालेली. आणि गंमत म्हणजे एवढं होऊन वहिनीचे केस ओलेच!

माझं रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे, मिक्सर पंखे ड्रायर ट्रिमर सगळं येतं. आता परत सेल लागलेत आणि रोज कोणीतरी स्क्रीनशॉट पाठवून विचारतं, दादा 1200 घेऊ का 2000, टायटॅनियम ब्लेड घेऊ का साधं. प्रत्येकाला वेगळं टाईप करत बसण्यापेक्षा एकदाच लिहितो. डब्यावरचे आकडे खोटे नसतात, पण ते 230 व्होल्टच्या विजेवरचे आणि कोरड्या खोलीतले असतात. आपल्याकडे वीज तेवढी नसते, हवा कोरडी नसते आणि वर खारा वारा. तेव्हा त्या आकड्यांचा आपल्या घरात काय अर्थ होतो ते बघू.

वॉट म्हणजे वारा नाही

सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. ड्रायरवर 1200 वॉट लिहिलंय म्हणजे मोटर 1200 वॉटची असं लोकांना वाटतं. तसं नसतं. ड्रायर उघडला की आत अभ्रकाच्या पट्ट्यांवर गुंडाळलेली तारेची स्प्रिंग दिसते, जुन्या इलेक्ट्रिक शेगडीत असायची तशीच, आणि तिच्यामागे एक बारकी मोटर पंखा फिरवत असते. वॉटमधले बहुतेक सगळे वॉट ती तार खाते, मोटरच्या वाट्याला अगदी थोडे येतात. म्हणजे वॉट हा शेगडीचा आकडा आहे, पंख्याचा नाही. चुलीत लाकडं किती घातली ते वॉट सांगतो, फुंकणी किती जोरात मारली ते सांगत नाही. आणि केस वाळतात दोन्ही मिळून.

मोटर तीन प्रकारची येते. स्वस्त आणि मधल्या ड्रायरमध्ये खेळण्यातल्या गाडीत असते तशी डीसी मोटर, हलकी पण कार्बन ब्रश झिजले की संपली. पार्लरवाल्या जड ड्रायरमध्ये एसी मोटर, रोज तासन्‌तास चालते, हात मात्र दुखून येतो. आणि तिसरी ब्रश नसलेली, डब्यावर बीएलडीसी लिहिलेलं असतं, जी लहान असून प्रचंड वेगात फिरते. डायसनने 2016 साली सुपरसॉनिक काढला त्यात हीच होती, मिनिटाला 1,10,000 फेऱ्यांपर्यंत, आणि त्याचे वॉट बघा, 1600 फक्त. म्हणजे त्या किमतीचा ड्रायरसुद्धा 2000 च्या खाली, कारण त्यांनी पैसा शेगडीवर नाही तर पंख्यावर घातला. तुम्ही तोच घ्या असं म्हणत नाहीये, त्या पैशात आमच्याकडे वॉशिंग मशीन येतं. पण दोन ड्रायर समोर असतील आणि एकात वॉट कमी पण मोटर चांगली असेल, तर मी डोळे मिटून तो उचलेन.

व्होल्टेज कमी झालं की वॉटचं काय होतं

आता आपल्या घरात या. फ्रिजच्या स्टॅबिलायझरवर जो आकडा दिसतो तो बघायची सवय करा. आमच्याकडे पावसाळ्यात संध्याकाळी तो 175 दाखवतो, लाईन लांबून येते आणि सगळ्यांचे पंप एकदम चालू असतात. लोकांना वाटतं 230 चे 175 झाले म्हणजे चौथा हिस्सा गेला, तर 1200 चे 900 वॉट मिळत असतील. नाही मिळत. तापणाऱ्या तारेचा हिशोब व्होल्टेजच्या वर्गाने चालतो, म्हणजे व्होल्टेज कमी झालं की विजेचा प्रवाहही कमी होतो आणि दोन्हीकडून मार बसतो. 175 भागिले 230 केलं की येतात 0.76, त्याला त्यानेच गुणलं की 0.58. म्हणजे 1200 वॉटचा ड्रायर आमच्याकडे संध्याकाळी 695 वॉटच्या आसपास चालतो आणि 1000 वॉटचा 580 वर. पंखाही मंदावतो तो वेगळाच.

मग लोक म्हणतात, तर मग 2000 चाच घेऊया ना, कमी झाला तरी 1150 राहील. ऐकायला बरोबर वाटतं, पण चतुर्थीच्या सकाळी हेच तर झालं. आपल्या घरातलं बारकं सॉकेट 6 अँपिअरचं असतं, 230 व्होल्टवर त्याची ताकद होते 1380 वॉट. 2000 वॉटचा ड्रायर पूर्ण व्होल्टेजला 8.7 अँपिअर खेचतो आणि 175 ला सुद्धा साडेसहाच्या वर. म्हणजे व्होल्टेज पडलेलं असतानाही तो बारक्या सॉकेटला झेपत नाही. त्यात खाऱ्या हवेने सॉकेटच्या आतल्या पितळी पत्त्या काळ्या पडलेल्या, पिन घट्ट बसत नाही, आणि जिथे पिन सैल तिथे उष्णता. वहिनीचं सॉकेट तारेमुळे नाही करपलं, त्या सैल जागेमुळे करपलं. आणि जेवढी वीज तिथे जळाली तेवढी केसापर्यंत पोचलीच नाही!

म्हणून माझं साधं गणित असं आहे की गीझर किंवा एसीचं जाड पिनेचं 16 अँपिअरचं सॉकेट आरशाजवळ असेल तरच 1400 च्या वरचा ड्रायर घ्या, नाहीतर 1000 ते 1200. फिलिप्स, हॅवेल्स, वेगा सगळ्यांकडे या टप्प्यात ड्रायर आहेत आणि निव्वळ वॉटवरून त्यांच्यात निवड करण्यात काही अर्थ नाही. कुठलाही घ्या, पहिल्या दिवशी पाच मिनिटं चालवून प्लग काढा आणि पिनेला हळूच बोट लावून बघा. कोमट चालेल, चटका बसला तर सॉकेट बदलून घ्या, ड्रायर परत पाठवू नका. एक्स्टेन्शन बोर्डावर तर लावूच नका, त्याची वायर बघितलीत का कधी सोलून, शेवयांसारखी असते.

इन्व्हर्टरवर चालेल का

नाही. घरातला 900 व्हीएचा इन्व्हर्टर 700 वॉटच्या आसपास झेपवतो, 1200 चा ड्रायर लावला की ओव्हरलोडची शिट्टी मारून बंद. लाईट गेली तर टॉवेल आणि पंखा.

हीट सेटिंग: इथे खरी निवड आहे

दमट हवेत केस का वाळत नाहीत ते आधी बघू, म्हणजे बटणं कळतील. पावसाळ्यात आपल्याकडे 28 डिग्री आणि 90 टक्के दमटपणा ही रोजची गोष्ट. टक्के म्हणजे काय, तर हवेची पाणी उचलायची जेवढी ऐपत आहे त्यातली 90 टक्के आधीच भरलेली. गाडी स्टँडवरच फुल्ल होऊन आली तर तुमच्या थांब्यावर ती कोणाला घेणार? दोरीवरचे कपडे तीन दिवस वाळत नाहीत ते याच कारणाने. पण हवा तापवली की तीच गाडी मोठी होते. हीच 28 डिग्रीची हवा 45 डिग्रीला नेली, आत पाणी तेवढंच ठेवून, तर दमटपणा 90 वरून 35 टक्क्यांवर येतो. 60 डिग्रीला नेली तर 17 च्या आसपास.

आता यातला मुद्दा असा की सगळ्यात मोठी उडी पहिल्या पंधरा-सतरा डिग्रीतच मिळून जाते. हात भाजेल इतकी गरम हवा लागतच नाही, कोमट हवा हवी आणि ती भरपूर हवी. आणि उलट बाजूने, फक्त थंड हवेवर चालवलात तर आपल्या पावसाळ्यात ते जवळपास तोंडाने फुंकल्यासारखंच आहे. पुण्याची माझी मावसबहीण उन्हाळ्यात नुसत्या थंड हवेवर केस वाळवते, तिला जमतं, तिकडची हवा कोरडी.

म्हणून ड्रायर बघताना मी एकच गोष्ट आधी बघतो, बटणं किती आहेत. स्वस्त ड्रायरमध्ये एकच बटण असतं, 0-1-2. एकवर वारा कमी आणि गरमी कमी, दोनवर दोन्ही जास्त. म्हणजे भरपूर वारा हवा असेल तर भरपूर गरमी घ्यावीच लागते. दुसऱ्या प्रकारात दोन बटणं असतात, वाऱ्याचं वेगळं आणि गरमीचं वेगळं. आपल्याला हवं ते म्हणजे वारा फुल्ल, गरमी मध्यम, आणि ते फक्त दोन बटणांच्याच ड्रायरमध्ये मिळतं. फोटो मोठा करून मूठ बघा, दोन स्विच दिसले पाहिजेत. आयनिक, केराटिन, अमुक शाईन असलं जे काय लिहिलेलं असतं त्याच्याआधी हे बघा.

आणि कूल शॉट नावाचं बटण असतं, ते दाबलं की गरम तार बंद होऊन थंड हवा येते, केसांचा आकार बसवायला. बरेच जण दुकानात भांडायला येतात की कूल दाबलं तरी कोमटच हवा येते, पीस खराब आहे. खराब नाहीये. स्वस्त डीसी मोटर थेट 230 वर चालत नाही, तिला जाणारी वीज तारेच्या एका छोट्या तुकड्यातून कमी करून दिलेली असते, तो तुकडा कूल मोडमध्येही थोडा तापतोच.

"गरम हवेने केस खराब होतात" याचं काय?

अर्धं खरं. 2011 साली कोरियातल्या संशोधकांनी हे मोजलं होतं. ड्रायर केसांपासून 15 सेंटिमीटरवर धरला तर केसांपाशी 47 डिग्री, 10 वर 61 आणि 5 सेंटिमीटरवर 95. जसजशी गरमी वाढत गेली तसतसा केसाचा वरचा थर जास्त खराब. पण 15 सेंटिमीटरवरून, सतत हलवत वाळवलेले केस नुसते तसेच वाळू दिलेल्या केसांपेक्षा कमी खराब झाले, कारण केस खूप वेळ ओले राहिले तर आतला थर बिघडतो. आपल्याकडे आंबाडा ओलाच बांधून दिवसभर फिरतात, त्यांनी हे वाचावं.

15 सेंटिमीटर म्हणजे किती, तर पोरांच्या कंपासपेटीतली छोटी पट्टी. वहिनीला मी तीच आरशाला चिकटवून दिलीय.

ड्रायर मध्येच आपोआप बंद पडत असेल तर आधी मागची जाळी बघा, केस आणि पावडर अडकून वारा कोंडतो, आतला थर्मोस्टॅट तापतो आणि लाईन तोडतो, थंड झाला की परत चालू. जुन्या टूथब्रशने जाळी साफ केली की बहुतेक वेळा काम झालं. पण जाळी बंद ठेवून तसाच रेटत राहिलात तर आतला फ्यूज उडतो, तो एकदाच उडतो, मग माझ्याकडे यावं लागतं.

ट्रिमर: इथे वॉट विसरा

ट्रिमरच्या अ‍ॅडॉप्टरवर 5 व्होल्ट 1 अँपिअर असं काहीतरी लिहिलेलं असतं आणि लोक विचारतात, 5 वॉट म्हणजे पॉवरफुल का? तो आकडा चार्जरचा आहे, मोटरचा नाही. मोटरचा म्हणून बरेचदा आरपीएम देतात, पण तो ब्लेड हवेत मोकळं फिरताना मोजलेला. दाट दाढीत घुसल्यावर किती राहतो ते महत्त्वाचं, आणि ते कोणी छापत नाही. रिकामी होडी कोणीही जोरात वल्हवेल, जाळं भरून आणताना कळतं.

त्यातल्या त्यात हाताला लागणारी खूण म्हणजे बॅटरी. जुन्या प्रकारची निकेल बॅटरी 1.2 व्होल्टची, आठ-दहा तास चार्ज करा आणि शेवटी शेवटी मोटर कण्हायला लागते. लिथियमची 3.7 व्होल्टची, तास-दोन तासात चार्ज आणि संपेपर्यंत ताकद बरीचशी टिकून. डब्यावर चार्जिंग टाईम 8 तास दिसलं की समजा जुनी बॅटरी. चार्जर मात्र बहुतेक 100 ते 240 व्होल्टवर चालणारे असतात, तेव्हा आपल्या 175 चा ट्रिमरला काही त्रास नाही, इन्व्हर्टरवरही चालतो.

स्टेनलेस आहे तर गंजला कसा?

माझं स्वतःचं सांगतो. दोन वर्षांपूर्वी सोनेरी ब्लेडचा ट्रिमर घेतला, डब्यावर टायटॅनियम. तीन महिन्यांत दाढी ओढायला लागला. टॉर्च मारून बघितलं तर दातांच्या मुळाशी तांबूस ठिपके.

त्याचं कारण असं. घरातली ताटं-पातेली बनतात त्या स्टेनलेसमध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं, गंजायला तयारच नसतं ते. पण ते मऊ असतं, त्याला धार टिकत नाही. ब्लेडला कडक पोलाद लागतं, म्हणून त्यात कार्बन जास्त आणि क्रोमियम साधारण 12 ते 14 टक्के. क्रोमियमचा न दिसणारा पातळ थर पोलादाला गंजापासून वाचवतो, आणि मीठ नेमकं त्या थराला बारीक बारीक भोकं पाडतं. फरक बघायचा असेल तर फ्रिजवरचं चुंबक काढा, ट्रिमरच्या ब्लेडला चटकन चिकटेल, ताटाला बहुतेक नाही. दोन्ही स्टेनलेसच, पण जात वेगळी.

टायटॅनियम म्हणजे पूर्ण ब्लेड टायटॅनियमचं नसतं, वर काही मायक्रॉनचा मुलामा असतो. घासून घासून धारेवरचा तोच आधी जातो आणि खाली परत तेच पोलाद. वाईट नाही, पण खाऱ्या हवेसाठी ती गॅरंटी नाही. साधं हाय कार्बन स्टील, जे वॉलसारख्या न्हावीदादांच्या क्लिपरमध्ये असतं, ते धारेला उत्तम, पण तेल चुकलं की आपल्याकडे गंज लवकर. सिरॅमिक गंजतच नाही आणि तापतही कमी, पण काचेसारखं, लादीवर पडलं तर दात तुटले. आणि बरेचदा फक्त हलणारं ब्लेड सिरॅमिकचं असतं, खालचं स्थिर ब्लेड पोलादाचंच, तेव्हा तेलापासून सुटका नाही.

मग घ्यायचं काय? किनाऱ्यावर राहत असाल आणि वस्तू हातात घट्ट धरून ठेवणारे असाल तर सिरॅमिक. माझ्यासारखे बेसिनमध्ये पाडणारे असाल तर साधं स्टेनलेस, पण ज्याचं नुसतं ब्लेड सुटं मिळतं असं. सुटं ब्लेड मिळतं का हे घ्यायच्या आधी शोधून बघा, तालुक्याला सर्व्हिस सेंटर नसतं.

वॉटरप्रूफ आहे, नळाखाली धरला तर चालेल ना?

आयपीएक्स 7 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिला तरी आत पाणी जाणार नाही. गोड्या पाण्यात. आणि ते आतल्या मोटर-बॅटरीबद्दल आहे, ब्लेडबद्दल काहीच नाही. आपल्या खाडीकाठच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात, त्या पाण्याने ब्लेड धुतलं आणि बाथरूमच्या फळीवर ठेवलं की मीठ दातांत वाळत बसतं. माझ्या सोनेरी ट्रिमरचं हेच झालं होतं, कंपनीला शिव्या देऊन झाल्यावर लक्षात आलं. आता मी ब्रशने झाडतो, धुतलाच तर शेवटची चूळ पिण्याच्या पाण्याची, मग ड्रायर मध्यम गरमीवर एक मिनिट लांबून, आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, दहा सेकंद चालवून पुसून टाकायचा. ज्यांच्या ब्लेडवर तेलाची गरज नाही असं लिहिलेलं असतं त्यांनाही मी किनाऱ्यावर थेंब टाकायलाच सांगतो. खोबरेल नको, 24 डिग्रीखाली ते थिजतं, पौषातल्या सकाळी ब्लेड चिकटून बसतं. मग सगळं स्टीलच्या डब्यात, औषधाच्या बाटल्यांतून येणाऱ्या सिलिकाच्या पुड्यांसोबत.

ओढत असेल तर ब्लेड का बॅटरी हे कानाने कळतं. पूर्ण चार्ज करा. दाढीत घुसल्यावर आवाज खाली पडतो, घरघरतो, तर बॅटरी किंवा मोटर. आवाज टणटणीत आहे आणि तरी केस उपटतोय, तर ब्लेड. पहिल्याला खर्च जास्त, दुसऱ्याला कधी कधी नुसता तेलाचा थेंब पुरतो.

वहिनीने शेवटी 1200 वॉटचा, दोन बटणांचा घेतला आणि मी आरशाखाली 16 अँपिअरचं सॉकेट बसवून दिलं. 180 व्होल्ट असताना तिला अठरा मिनिटं लागतात, सकाळी 220 असताना बारा. चुलतभावाचा 2000 वाला परत दादरला गेला, तिकडे मस्त चालतो म्हणे.